पहाटेचं गाणं, संध्याकाळचा राग

गॅदरिंगमध्ये आमच्या वर्गाने एक खेळ ठेवला होता. स्पीकरवर गाण्याचा मुखडा वाजणार आणि तुम्ही राग सांगायचा. मी लहानपणी दोन परीक्षा दिल्यात गाण्याच्या, त्यामुळे टीममध्ये माझा भाव जरा वाढलेला. पाचवं गाणं लागलं ते ‘घनश्याम सुंदरा’. व्ही. शांताराम यांच्या 1951 च्या ‘अमर भूपाळी’मधलं, वसंत देसाईंनी संगीत दिलेलं, पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांनी गायलेलं. तुम्ही सिनेमा पाहिला नसला तरी हे गाणं ऐकलेलं असणारच. आमच्याकडे तर पहाटे देवळाच्या भोंग्यावर हेच असतं. मी एक सेकंदही न थांबता बजर दाबला आणि म्हणाले, ‘‘भैरव!’’

का म्हणाले? कारण गाणं पहाटेचं. अरुणोदय, देवाला उठवणं, सगळं कसं शांत आणि पवित्र. आणि पहाटेचा राग म्हटलं की भैरव, हे डोक्यात बसलेलं. उत्तर चूक निघालं. कार्डावर लिहिलं होतं ‘भूप’. मग मी भांडायला उभी राहिले, की भूप तर रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, दिवेलागणीनंतरचा, तो पहाटेच्या गाण्याला कसा असेल? तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकाने मोबाइल वर केला. त्याच्या यादीत ‘देशकार’ होतं. दुसरीच्या यादीत ‘भूपाळी’. आमचा गुण गेला तो गेलाच, पण त्या संध्याकाळी कोणालाच हे सांगता आलं नाही, की यातलं बरोबर कुठलं आणि *का*. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. राग सांगणारे आम्ही सगळे होतो, कारण सांगणारा एकही नव्हता.

म्हणून आज तुमच्याशी या एकाच गाण्याबद्दल बोलायचंय. माझं मत आधीच सांगते: गाण्याचा राग यादीत बघणं हे शेजाऱ्याच्या पेपरात बघून उत्तर लिहिण्यासारखं आहे. नाव मिळतं, पण गणित कसं सुटलं ते कळत नाही. आणि नुसत्या मूडवरून राग ठरवणं तर त्याहून धोक्याचं. मी तेच केलं होतं.

भैरव का नाही, हे खरं तर दोन मिनिटांत कळलं असतं. भैरवमध्ये रिषभ आणि धैवत कोमल असतात, म्हणजे नेहमीपेक्षा खाली उतरलेले, आणि त्यात मध्यम असतो, निषादही असतो. ‘घनश्याम सुंदरा’ गुणगुणत पेटीवर बोट फिरवलं तर यातलं काहीच सापडत नाही. कोमल रे लावून बघा, गाणं लगेच ‘हे माझं नाही’ म्हणतं. पण हे करायला बोट पेटीवर ठेवावं लागतं. मी ते ठेवलंच नव्हतं.

ते ठेवलं दिवाळीच्या सुट्टीत. अंबाजोगाईपासून थोडं आत आमचं गाव. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात काकडा चालतो. पहाटे चारला उठून, स्वेटर घालून, झोपेत चालत जायचं. तिथे पेटी वाजवणारे आबा आहेत, नात्याने आजीचे चुलतभाऊ. शिक्षण सातवी, आणि अख्ख्या पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांना पेटी शिकवलेले. काकडा संपल्यावर चहा घेताना मी त्यांना गॅदरिंगचा किस्सा सांगितला. ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, ‘‘पोरी, राग नंतर बघू की. तुझा सा कुठंय ते सांग आधी.’’

मला वाटलं, हे काय विचारणं झालं? पण तिथेच आपण सगळे घसरतो. तुम्हीही घसरणार, म्हणून इथे जरा थांबू.

सा म्हणजे गाण्याचं घर. बाकी सगळे स्वर त्याच्यापासून किती लांब आहेत, यावरून त्यांची नावं ठरतात. घराचा पत्ता चुकला की सगळ्यांचे पत्ते चुकले. आबांनी हे मला ज्या पद्धतीने दाखवलं ती तुम्ही मोबाइलच्या पियानोवर आत्ता करून बघू शकता. पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटात असतात. दोनच्या गटातल्या काळी एक आणि काळी दोन, तीनच्या गटातल्या काळी तीन, चार आणि पाच. पांढऱ्यांना हातच लावायचा नाही. काळी तीन हा सा धरा आणि वर चढत काळी चार, काळी पाच, मग वरच्या सप्तकातली काळी एक, काळी दोन वाजवा. सा, रे, ग, प, ध. हे भूपाचे पाच स्वर.

आता पट्ट्या त्याच, पाचच, फक्त घर बदला. काळी पाच हा सा धरून तिथून वर चढा. ऐकू येईल मालकंस: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. काळी एकपासून चढलात तर दुर्गा. काळी दोनपासून धानी. काळी चारपासून मध्यमाद सारंग. एकही नवीन पट्टी दाबलेली नाही आणि पाच राग झाले! मी तर तोंड उघडं टाकून बसले होते. आबा म्हणाले, ‘‘आता कळलं का? पट्ट्या मोजून राग निघत नसतो. घर कुठलं, त्यावर आहे सगळं.’’

म्हणजे समजा तुम्ही ‘घनश्याम सुंदरा’चे पाचही स्वर अगदी अचूक शोधलेत, पण त्यातला गंधार हाच सा आहे असं धरून बसलात, तर तुमच्या वहीत मालकंस येईल. पंचम धरून बसलात तर दुर्गा. स्वर सगळे बरोबर, उत्तर साफ चूक.

मग सा शोधायचा कसा? बरेच जण सांगतात की गाणं ज्या स्वरावर संपतं तो सा. बऱ्याचदा हे खरं ठरतं, पण यावर भरवसा ठेवू नका. आपलं राष्ट्रगीतच बघा ना. सा, रे, ग असं सुरू होतं, आणि शेवटचा ‘हे’ येतो मध्यमावर. त्या मध्यमाला सा समजलात तर पूर्ण राष्ट्रगीताचा हिशोब बिघडेल. त्यापेक्षा आबांची युक्ती चांगली. पेटीवर (किंवा तानपुऱ्याच्या अॅपवर) एकच स्वर दाबून धरायचा आणि त्यावर पूर्ण मुखडा गायचा. चुकीचा स्वर धरला असेल तर गाणं कुठेतरी अडतं, दाताखाली खडा आल्यासारखं होतं. बरोबर सा असेल तर तो स्वर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मागे वाजत राहिला तरी टोचत नाही, आणि ओळ संपली की तुम्हाला तिथे जाऊन बसावंसं वाटतं. पंचमही बराचसा असाच गोड लागतो, म्हणून फसगत होते ती बहुतेक पंचमाशी. शंका आली तर दोन्ही स्वर आळीपाळीने धरून बघायचे.

एक सूचना, जी मला स्वतःला उशिरा कळली. मूळ रेकॉर्डिंगबरोबर पट्टी जुळवायला जाऊ नका. जुन्या गाण्यांच्या आपल्यापर्यंत आलेल्या प्रती कधी थोड्या वेगात, कधी थोड्या संथ असतात, त्यामुळे गाण्याचा सा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडलेला सापडतो. मी एक अख्खी दुपार त्यात घालवली. गाणं बंद करा, स्वतः गा, आणि आपल्या सोयीच्या पट्टीत गा. आवाज कसा आहे याने काही बिघडत नाही.

सा सापडला की पुढचं काम म्हणजे नुसती हजेरी घेणं. मुखडा आणि अंतरा हळूहळू गायचा आणि कुठले स्वर येतात ते वहीत टिपायचं. गायलेलंच फक्त, मधलं वाद्यांचं म्युझिक धरायचं नाही, कारण तिथे संगीतकार मोकळा असतो. ‘घनश्याम सुंदरा’च्या वेळी माझ्या वहीत सा, रे, ग, प, ध आले. मध्यम नाही, निषाद नाही. पण तेव्हा मी हुशारी केली होती. सूर दाखवणारं एक अॅप लावून त्यात गायले, आणि त्याने मधेच ‘म’ दाखवला. मी आबांना म्हणाले, बघा, मध्यम आहे! त्यांनी मला ती जागा परत गायला लावली. पंचमावरून गंधारावर मी घसरत येत होते, मींड घेत, आणि वाटेत मध्यम लागत होता. ‘‘तू बीडहून अंबाजोगाईला येतीस,’’ ते म्हणाले, ‘‘गाडी केजवरून जाती. म्हणून तू केजला उतरलीस का?’’ तेव्हा स्वर टिपताना हे बघा की गाणं तिथे उतरलंय की नुसतं तिथून गेलंय.

इथपर्यंत आलात तर भैरव बाद, आणि हातात पाच स्वर आहेत. बहुतेक याद्या इथेच थांबतात: सा रे ग प ध म्हणजे भूप, पुढचं गाणं. पण मग देशकारवाला तो मुलगाही चूक नव्हता. कारण देशकारचेही हेच पाच स्वर आहेत. हेच, एकही इकडचा तिकडे नाही. आणि देशकार हा सकाळचा राग आहे!

एवढंच कशाला, नवीन वर्षाच्या रात्री परदेशात गातात ते ‘ऑल्ड लँग साइन’ याच पाच स्वरांत बसतं. ते स्कॉटलंडचं आहे. त्याला कोणी भूप म्हणत नाही, म्हणूही नये. नुसते स्वर म्हणजे राग असता तर अर्ध्या जगाची लोकगीतं भूपात गेली असती.

तर मग फरक कशात आहे? हे मला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं: भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत. देशकारचा वादी धैवत, संवादी गंधार. दोन मार्क मिळाले होते. अर्थ मात्र त्या देवळाच्या ओट्यावर कळला. आबांनी आधी पेटी खालच्या अंगाला ठेवली. ग रे सा, खालचा ध, सा रे ग. मग प ग, आणि गंधारावर थांबले. परत फिरून आले, परत गंधारावर थांबले. ध प ग, रे ग. सगळ्या वाटा गंधाराकडे येत होत्या. चाल संथ, कुठे घाई नाही, जेवण झाल्यावर अंगणात खाट टाकल्यासारखं वाटत होतं. ‘‘हा भूप.’’

मग भाता तसाच चालू ठेवून त्यांनी हात वर सरकवला. ग प ध, आणि धैवत लावून धरला. वरचा सा, परत ध, ध प. ग प ध प. रिषभ जवळजवळ लपवलेला, शेवटी खाली येताना ग रे सा असा पटकन शिवून सोडलेला. पट्ट्या त्याच पाच. पण आता सगळं वरच्या मजल्यावर चाललं होतं, स्वच्छ, जागं, कोणीतरी कोणाला तरी हाक मारतंय असं. ‘‘आणि हा देशकार.’’ बाहेर तेव्हा खरंच उजाडत होतं, पण त्याचा यात काही हात नसावा.

मूडचा खरा उपयोग इथे होतो, असं माझं मत आहे. सुरुवातीला नाही, शेवटी. सुरुवातीला आपल्याला जो मूड जाणवतो तो रागाचा असतो असं नाही. तो शब्दांचा असतो, लयीचा, वाद्यांचा, गायकाच्या आवाजाचा, आणि सिनेमातल्या प्रसंगाचा. अहिर भैरवची दोन गाणी शेजारी ठेवून बघा. ‘मेरी सूरत तेरी आँखें’मधलं (1963) ‘पूछो न कैसे’, सचिनदेव बर्मन यांचं, मन्ना डे यांनी गायलेलं. आणि ‘हम दिल दे चुके सनम’मधलं (1999) ‘अलबेला सजन’, जे आपल्या पिढीने पाठ केलंय. एकात रात्रभर जागलेल्या माणसाचं दुःख आहे, दुसऱ्यात येणाऱ्याचं स्वागत. मूडवरून राग शोधणारा या दोन गाण्यांना एका पानावर कधीच आणणार नाही. पण दोन्ही मुखडे शब्द काढून, नुसतं ‘ला ला’ करत, सारख्याच संथ लयीत गाऊन बघा. तो कोमल रिषभ आणि खालून येणारा कोमल निषाद दोन्हीकडे तोच चेहरा घेऊन भेटतो. शब्द आणि लय काढल्यावर जे उरतं, त्याला रागाचा मूड म्हणा. आधी नको.

‘घनश्याम सुंदरा’लाही मी हेच केलं. शब्द काढले, अरुणोदय गेला, देऊळ गेलं. आता विचारायचं एवढंच, की ओळ कुठे थांबते, कुठल्या स्वराभोवती फिरते, मुक्काम खाली आहे की वर? मी आणि माझ्या तीन मैत्रिणींनी हे वेगवेगळं बसून केलं. वहीत दोन रकाने आखले, एक ‘ग’चा आणि एक ‘ध’चा, आणि चाल जिथे जिथे टेकली असं वाटलं तिथे त्या रकान्यात रेघ मारली. तिघींच्या वहीत गंधाराचा रकाना जास्त भरला, एकीच्या वहीत धैवताचा. मी त्या तिघींतली. माझं उत्तर आता ‘भूप’ आहे, म्हणजे कार्डावर होतं तेच. पण चौथीला मी चूक म्हणणार नाही, कारण तिने कुठल्या जागा मोजल्या ते ती गाऊन दाखवू शकते. तुम्ही रकाने आखून बघा, कदाचित तुम्ही तिच्या बाजूचे निघाल.

मग पहाटेचं गाणं रात्रीच्या रागात कसं, हा माझा गॅदरिंगमधला प्रश्न उरतोच. त्यातला अर्धा गोंधळ नावाचा आहे. आपल्याकडे ‘भूपाळी’ म्हणजे देवाला जागवायला पहाटे म्हणतात ते गाणं. तो गीताचा प्रकार आहे, जसा अभंग, जशी लावणी. ‘भूप’ किंवा ‘भूपाली’ हा राग. पहाटेची भूपाळी भूप रागातच असली पाहिजे असं मुळीच नाही. आमच्या काकड्यात तर तीन भूपाळ्या तीन वेगळ्या चालींत होतात. त्यात अजून भर म्हणजे ‘भूपाल तोडी’ नावाचा सकाळचा राग आहे. त्यातही पाचच स्वर, पण रे, ग, ध तिन्ही कोमल. दक्षिणेकडे याच स्वरांच्या सकाळच्या रागाला ‘भूपालम्’ म्हणतात, आणि आपल्या भूपाचे स्वर तिकडे ‘मोहनम्’मध्ये. नाव ऐकून राग ठरवणारा इथे हमखास पडतो. यादीत ‘भूपाळी’ लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याला प्रकार म्हणायचाय की राग, हेही बऱ्याचदा कळत नाही.

उरलेल्या अर्ध्याचं उत्तर सोपं आहे. होनाजी बाळा शाहीर होते, वसंत देसाई सिनेमाचे संगीतकार. दोघांनाही प्रहराचं घड्याळ बघून काम करण्याचं बंधन नव्हतं. रागाची वेळ हा मैफलीतला संकेत आहे. सिनेमात पडद्यावर पहाट दाखवायची असेल तर संगीतकाराला जी चाल पहाटेसारखी वाटेल ती तो घेतो. म्हणून गाण्यातल्या वेळेवरून राग शोधू नका, आणि राग सापडल्यावर ‘वेळ चुकली’ म्हणून संगीतकाराशी भांडूही नका. मी भांडले होते. लाज वाटते आता.

इथे माझा एक आक्षेपही नोंदवते, गाण्याच्या क्लासवाल्यांना आवडणार नाही कदाचित. प्रत्येक आवडत्या गाण्याला रागाचं नाव चिकटवलंच पाहिजे, हा हट्ट कशाला? पुष्कळ गाण्यांचा मुखडा एका रागात असतो आणि अंतऱ्यात संगीतकार मुद्दाम बाहेरचा स्वर घेतो, कारण तिथे त्याला नायिकेचं दचकणं दाखवायचं असतं. काही गाणी नुसत्या कॉर्डवर बांधलेली असतात, त्यांचा राग शोधणं म्हणजे बाजरीच्या शेतात ऊस शोधणं. अशा वेळी वहीत ‘मुखडा भूपाच्या स्वरांत, अंतऱ्यात निषाद येतो’ असं लिहा. ते यादीतल्या एका शब्दापेक्षा जास्त खरं आहे. आबाही ‘हे भूप आहे’ असं फार क्वचित म्हणतात. म्हणतात, ‘‘भूपाच्या अंगानं जातंय.’’

आणि कान तयार करायचा असेल तर सिनेमाची गाणी सोडून आधी मूळ राग एकदा नीट ऐका. किशोरी आमोणकरांचं ‘सहेला रे’ म्हणजे भूप. रात्री, हेडफोन लावून, दुसरं काही न करता. गंधार प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने कसा येतो एवढंच बघा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचाही देशकार लावा आणि यावेळी धैवतावर लक्ष ठेवा. दोन दिवस असं केल्यावर मला सिनेमाच्या गाण्यात ‘हे वजन कुठंय?’ असा प्रश्न आपोआप पडायला लागला. आधी फक्त ‘हे कसं वाटतंय?’ एवढंच सुचायचं.

आता तुमची पाळी. सुधीर फडके यांनी 1961 मध्ये ‘भाभी की चूड़ियाँ’ला संगीत दिलं, त्यातलं लताबाईंचं ‘ज्योती कलश छलके’. पुन्हा पहाटेचं गाणं, पुन्हा तेच पाच स्वर, आणि पुन्हा याद्यांत कुठे भूप, कुठे देशकार. सा धरा, शब्द काढा, ‘ग’ आणि ‘ध’चे दोन रकाने आखा. कार्तिकात मी हे आबांना विचारलं तेव्हा त्यांनी पेटीवर मुखडा वाजवला, मधेच थांबले, परत वाजवला. मग म्हणाले, ‘‘तू काय लिहिलंस ते दाखव आधी.’’ माझ्या वहीत तेव्हा दोन्ही रकाने सारखेच भरले होते.